टीव्हीमागे किती उजेड हवा?

डोंबिवलीतलं एखादं वन-रूम-किचनचं घर डोळ्यांपुढे आणावं. रात्रीचे अकरा वाजलेत. कोपऱ्यातल्या गादीवर धाकटी झोपलेली, त्यामुळे ट्यूबलाइट बंद. समोरच्या भिंतीवर त्रेचाळीस इंची टीव्ही आणि त्यावर आवाज एकदम बारीक करून लावलेला क्रिकेटचा सामना. खोलीत दुसरा कसलाच उजेड नाही. शेवटची षटकं येईतो बाबा डोळे चोळायला लागतात, आईच्या कपाळात ठणकायला लागतं. ‘अंधारात टीव्ही बघू नका, डोळे जातील,’ असं आजी सांगायची. डोळे काही जात नाहीत. अंधारात पडदा पाहिल्याने दृष्टीला कायमची इजा होते असा पुरावा नाही. पण डोळे शिणतात ही आजीची तक्रार खोटी नव्हती, आणि तिच्यावरचा उपाय टीव्हीच्या मागच्या भिंतीवर करता येतो.

उपाय सोपा आहे. पडद्याच्या मागे, बघणाऱ्याला थेट दिसणार नाही असा मंद पांढरा दिवा लावायचा. त्याचा उजेड भिंतीवर पडतो आणि पडद्याभोवती एक फिकट, एकसारखी प्रभा उमटते. तंत्रज्ञ याला ‘बायस लायटिंग’ म्हणतात. बाजारात हजार रंगांच्या पट्ट्या मिळतात, पण त्यांचा आणि या कामाचा संबंध थोडाच. इथे लागतो एकच रंग, तोही ठरावीक, आणि उजेड लागतो अगदी मोजका.

आधी डोळा का शिणतो ते पाहू. अडीच मीटर अंतरावरून त्रेचाळीस इंची पडदा रुंदीला जेमतेम एकवीस-बावीस अंशांचा कोन व्यापतो. दोन्ही डोळ्यांचा आडवा आवाका मात्र १८० अंशांच्या आसपास असतो. म्हणजे अंधाऱ्या खोलीत दृष्टीच्या मध्यावर एक छोटा लखलखीत आयत आणि बाकी सगळीकडे काळोख. डोळ्याला दोन्हींशी एकाच वेळी जुळवून घ्यायचं असतं. काळोखामुळे बाहुली मोठी होऊ पाहते, पडद्यामुळे लहान. तिचा व्यास साधारण दोन ते आठ मिलिमीटर एवढ्या टप्प्यात बदलतो.

त्यात चित्र सारखं पालटत असतं. रात्रीच्या जंगलाचं दृश्य संपून एकदम भर दुपारचं मैदान येतं, मग जाहिरातीची पांढरी पाटी, मग पुन्हा अंधार. खोलीत दुसरा उजेड नसेल तर डोळ्यात शिरणारा सगळा प्रकाश पडद्याच्या मर्जीवर चालतो आणि दर दृश्याला कितीतरी पट खालीवर होतो. भिंतीवर थोडा स्थिर उजेड असेल तर त्या चढउताराला तळ मिळतो. पडदा काळा झाला तरी डोळ्यापुढे पूर्ण काळोख होत नाही, आणि पडदा उजळला तरी उडी पहिल्याएवढी मोठी राहत नाही. भोवतालच्या तुलनेत तो आयत कमी झगझगीत ठरतो. अमेरिकेतल्या रेन्सेलर संस्थेच्या लायटिंग रिसर्च सेंटरमधले जॉन बुलो आणि त्यांचे सहकारी यांनी याच प्रश्नावर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. टीव्हीभोवती उजेड असताना बघणाऱ्यांना डोळ्यांचा ताण आणि अस्वस्थता कमी जाणवली, असं त्यात दिसलं.

मग सिनेमागृहात त्रास का होत नाही, असं कुणीही विचारेल. तिथेही अंधारच असतो. पण तिथला पडदा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच मंद असतो. चित्रपटगृहातल्या पांढऱ्या पडद्याची प्रमाणित तेजस्विता ४८ निट आहे. निट हे पडदा किती उजळ दिसतो ते मोजण्याचं एकक. घरातला टीव्ही दुकानातून आला तसाच, भडक मोडवर ठेवला, तर तो सहज ३०० निटच्या पुढे जातो. शिवाय सिनेमाचा पडदा दृष्टीचा कितीतरी मोठा भाग व्यापतो आणि त्याचा उजेड सगळ्या प्रेक्षागृहात पसरतो. घरी छोटा पडदा, पण सहापट तेज, अशी उलटी गत असते.

ही गोष्ट टीव्ही घरोघरी पोचू लागला तेव्हाच लक्षात आली होती. १९५०च्या दशकात अमेरिकेत टीव्हीवर ठेवायचे चिनीमातीचे खास दिवे विकले जात. त्यांचा उजेड मागच्या भिंतीवर पडे. सिल्व्हेनिया कंपनीने तर ‘हेलोलाइट’ नावाचे संच काढले. त्यांत चित्राभोवतीची चौकटच उजळत असे. २००४ साली फिलिप्सने ‘अँबिलाइट’चे टीव्ही बाजारात आणले, त्यात मागच्या उजेडाचा रंग चित्राप्रमाणे बदलतो. मात्र ज्यांचं पोट चित्राच्या रंगावर अवलंबून असतं, त्या संकलकांच्या आणि रंग जुळवणाऱ्यांच्या खोल्यांमध्ये आजही मॉनिटरमागे एकच स्थिर पांढरा उजेड असतो. घरच्या टीव्हीसाठी धडा घ्यायचा तो तिथून.

त्या खोल्यांचा पहिला नियम प्रमाणाचा आहे. पडद्यावरचं पांढरं जेवढं उजळ, त्याच्या साधारण एक दशांश उजळ मागची भिंत हवी. पडदा १२० निटवर असेल तर भिंत बारा निटच्या आसपास. यापेक्षा फार कमी ठेवलं तर उपयोग जाणवत नाही. जास्त ठेवलं तर भिंतच लक्ष ओढून घेते आणि चित्र फिकं वाटायला लागतं. बहुतेक घरांत चूक होते ती जास्तीची, कारण पट्टी विकत घेतली की ती पूर्ण तेजाने पेटवावीशी वाटते.

बारा निट म्हणजे किती थोडा उजेड, याचा हिशेब डोंबिवलीच्या त्या भिंतीवर मांडून बघू. त्रेचाळीस इंची टीव्ही साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ सेंटिमीटर उंच असतो. त्याच्या चारही बाजूंना हातभर जागा उजळायची, तर भिंतीचा पावणेदोन चौरस मीटर भाग आला. पांढरी भिंत पडलेल्या उजेडापैकी सुमारे ऐंशी टक्के परत फेकते. ती बारा निट दिसावी म्हणून तिच्यावर सत्तेचाळीस लक्स उजेड पडावा लागतो. सगळ्या भागाचा मिळून ऐंशी-नव्वद लुमेन. घरातला नऊ वॉटचा एलईडी बल्ब साधारण नऊशे लुमेन देतो. म्हणजे एका साध्या बल्बच्या दहाव्या हिश्शात काम होतं. थोडा उजेड टीव्हीच्या पाठीवर वाया जाईल हे धरलं तरी दोन वॉट पुष्कळ झाले. रोज चार तास लावला तर महिन्याला पाव युनिटही वीज जळत नाही.

प्रमाण बरोबर आहे का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्याने तपासता येतं. त्यात शटर हाताने ठरवायची सोय हवी. बऱ्याच फोनमध्ये ती ‘Pro’ या नावाखाली असते. खोलीतले बाकीचे दिवे बंद करायचे, टीव्हीवर पूर्ण पांढरं चित्र लावायचं, आयएसओ एका आकड्यावर कायम ठेवायचा आणि शटर १/६० सेकंद ठेवून फक्त पांढऱ्या भागाचा फोटो काढायचा. तो पूर्ण पांढराफटक न येता हलका करडा येईल असा आयएसओ निवडायचा. मग बाकी काही न बदलता शटर १/६ सेकंद करून, हात टेकवून, टीव्हीच्या कडेच्या उजळलेल्या भिंतीचा फोटो काढायचा. शटर दहापट वेळ उघडं राहिलं, म्हणजे भिंत पडद्याच्या एक दशांश उजळ असेल तर दोन्ही फोटो सारखेच दिसले पाहिजेत. भिंतीचा फोटो जास्त पांढरा आला तर दिवा मंद करायचा, काळपट आला तर वाढवायचा. मोजणी ढोबळ असली तरी डोळ्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी खात्रीची आहे.

पण त्याआधी एक काम राहतंच: पडदाच खाली आणायचा. टीव्ही ‘Vivid’ किंवा ‘Dynamic’ मोडवर असेल तर मागे कितीही चांगला दिवा लावा, झगझगाट उरणारच. सेटिंगमध्ये जाऊन ‘Movie’, ‘Cinema’ किंवा ‘Filmmaker Mode’ निवडावा आणि ‘Backlight’ उतरवत न्यावा. कुठे थांबायचं? ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत कोरा पांढरा कागद पडद्याच्या बाजूला धरावा. पडद्यावरचं पांढरं आणि कागद साधारण एकाच तेजाचे दिसू लागले की रात्रीसाठी ते पुरेसं असतं. पहिल्या दिवशी चित्र मरगळलेलं वाटतं. दोन-तीन रात्रींत डोळ्याला त्याची सवय होते आणि जुना मोड परत लावला तर तोच बोचायला लागतो.

दुसरा नियम रंगाचा. टीव्ही आणि मॉनिटर ज्या पांढऱ्याला पांढरं मानतात तो साधारण ६५०० केल्विनचा. तांत्रिक भाषेत डी-६५, ढगाळ दुपारच्या उजेडासारखा. मागचा दिवा त्याच पांढऱ्याचा हवा. भिंतीवर पिवळा उजेड असेल तर डोळा त्याच्याशी जुळवून घेतो आणि पडद्यावरचे चेहरे निळसर, आजारी वाटू लागतात. दिवा निळसर असेल तर उलट घडतं. आपल्याकडे ६५०० केल्विनचा दिवा शोधावा लागत नाही, कारण ‘कूल डेलाइट’ म्हणून विकला जाणारा बल्ब त्याच रंगाचा असतो. खोक्यावर आणखी एक आकडा बघावा, तो म्हणजे सीआरआय. दिव्याच्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात, ते हा आकडा सांगतो. नव्वदच्या वर असेल तर उत्तम. रंगीत पट्टीवर ‘पांढरा’ निवडला तर ती लाल, हिरवा आणि निळा एकत्र करून पांढरा बनवते, आणि तो बहुतेक वेळा जांभळट किंवा हिरवट उतरतो. म्हणून एकाच पांढऱ्या रंगाची पट्टी घ्यावी. झोपण्याआधी पडदाच उबदार छटेवर ठेवण्याची सवय असेल तर दिवाही तसाच पिवळसर घेतलेला चालतो. दोघांचं पांढरं एक असावं, एवढंच बघायचं.

भिंतीचा रंगही हिशेबात येतो, आणि आपल्या घरांत तिथेच अडतं. पिवळ्या किंवा गुलाबी भिंतीवरून परतलेला उजेड त्याच रंगाचा होतो, मग दिवा कितीही अचूक असो. टीव्हीमागे गडद लाकडी लॅमिनेटचं पॅनेल असेल तर ते बहुतेक उजेड गिळून टाकतं आणि उरलेला तपकिरी करतं. वर चकाकी असेल तर पट्टीतले एकेक दिवे आरशासारखे त्यात दिसतात. टीव्हीपेक्षा हातभर मोठा पांढरा किंवा फिका करडा सनबोर्ड मागे लावला की तिन्ही अडचणी एकदम सुटतात. सनबोर्ड फ्लेक्स आणि पाट्या बनवणाऱ्यांकडे मापात कापून मिळतो.

आता प्रत्यक्ष लावणं. पाच व्होल्टची, यूएसबीवर चालणारी, मंद-तेज करता येणारी पट्टी या कामाला सोयीची. ती टीव्हीच्या पाठीवर, कडेपासून सहा-सात सेंटिमीटर आत चिकटवायची. अगदी कडेला लावली तर बाजूला बसलेल्याला दिवे थेट दिसतात आणि मग डोळ्यांना आराम मिळण्याऐवजी टोचणी लागते. वरची बाजू आणि दोन्ही उभ्या बाजू मिळून पावणेदोन मीटरच्या आसपास पट्टी लागते. खाली टेबल किंवा चकचकीत टीव्ही युनिट असेल तर खालची बाजू सोडलेलीच बरी, नाहीतर उजेड तिथून परावर्तित होऊन डोळ्यात येतो. पट्टी वाटेल तिथे कापायची नाही. तिच्यावर कात्रीची खूण आणि तांब्याचे ठिपके असतात, तिथेच कापायची. चिकटवण्याआधी टीव्हीची पाठ स्पिरिटने पुसून कोरडी करावी. टीव्हीची ऊब आणि कोकणातली दमट हवा यांपुढे पट्टीचा गोंद टिकत नाही, म्हणून कोपऱ्यांवर छोट्या क्लिपा लावाव्यात. हवा बाहेर सोडणाऱ्या फटींवरून मात्र पट्टी नेऊ नये.

वीज टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून घेता येते, पण जुन्या प्रकारच्या पोर्टला अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॉट एवढीच मर्यादा असते. पूर्ण तेजावर पट्टी त्याहून जास्त ओढू शकते, आणि मग ती लुकलुकते किंवा पोर्ट बंद पडतो. आपल्याला दोन वॉटच हवेत, त्यामुळे मंद ठेवलेली पट्टी निभावून जाते; शंका असेल तर मोबाइलचा जुना चार्जर वापरावा. काही टीव्ही बंद केल्यावरही पोर्ट चालू ठेवतात. तेव्हा दिवा रात्रभर जळत नाही ना, हे पहिल्याच दिवशी बघून घ्यावं.

चुका कशा ओळखायच्या? भिंतीवर एकसंध उजेडाऐवजी ठिपक्यांची माळ दिसत असेल तर टीव्ही भिंतीच्या फार जवळ आहे. दोन-तीन सेंटिमीटरच्या फटीत उजेड पसरायला जागाच मिळत नाही. अशा वेळी पट्टी आणखी आत सरकवावी किंवा दुधी झाकण असलेल्या अॅल्युमिनियमच्या पन्हाळीत बसवावी. दहा ते तीस सेंटिमीटर अंतर असेल तर सहसा ही तक्रार येत नाही.

दुसरी चूक डोळ्याला दिसत नाही, पण डोकं दुखवते. स्वस्त डिमर दिवा खरोखर मंद करत नाहीत, तो भराभर चालू-बंद करतात. हा वेग कमी असेल तर काही जणांना त्याने त्रास होतो. तपासायला पेन्सिल पुरते. फक्त पट्टीच्या उजेडात, भिंतीपुढे पेन्सिल पंख्यासारखी जोरात हलवावी. अखंड धूसर पट्टा दिसला तर दिवा स्थिर आहे. एकामागे एक अशा सुट्या पेन्सिली दिसल्या तर डिमर बदलावा.

पट्टीची खटपट नको असेल त्यांच्यासाठी जुना मार्ग आहेच. अर्ध्या वॉटचा पांढरा झिरोचा बल्ब होल्डरमध्ये लावून टीव्हीच्या किंवा संगणकाच्या मॉनिटरच्या मागे, समोरून दिसणार नाही असा ठेवावा. प्रभा मधे जास्त आणि कडेला कमी पडते, पण चोवीस इंची मॉनिटरवर रात्री काम करणाऱ्याला तेवढ्यानेही फरक कळतो. मॉनिटरमागे खिडकी असेल तर फिका पडदा ओढून घ्यावा, नाहीतर उजेड पडायला मागे काही उरतच नाही.

या दिव्याचा आणखी एक फायदा चित्रातच दिसतो. साध्या एलईडी टीव्हीवर काळा रंग खरा काळा नसतो. मागचा उजेड थोडा झिरपतो आणि अंधाऱ्या खोलीत तो राखाडी दिसतो. करडा धागा काळ्या कापडावर ठेवला की उजळ वाटतो आणि पांढऱ्या कापडावर ठेवला की गडद, तसंच इथे होतं. भोवतालची भिंत उजळली की पडद्यावरचा तोच राखाडी जास्त काळा भासतो. पडदा होता तोच राहतो, बदलते ती डोळ्याची तुलना. ओएलईडी टीव्हीवर काळं मुळातच काळं असतं, त्यामुळे तिथे हा फायदा उरत नाही, फक्त आराम उरतो. एचडीआर चित्रासाठी व्यावसायिक शिफारस भिंतीवर अवघ्या पाच निटची आहे. असा टीव्ही असेल तर उजेड आणखी कमी करावा.

मात्र डोळ्यांच्या सगळ्या तक्रारींवर हे औषध नाही. पडद्याकडे एकटक बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. त्यावर भिंतीचा उजेड काही करू शकत नाही. तिथे मधूनमधून नजर दूर वळवणं आणि पापण्या मिटणं हाच उपाय. चष्म्याचा नंबर बदललेला असेल तर तो बदलूनच घ्यावा लागतो.

डोंबिवलीच्या त्या घरात आज रात्रीच सुरुवात करता येईल. आधी टीव्हीचा मोड बदलावा, मग पट्टी किंवा झिरोचा बल्ब लावावा, कॅमेऱ्याने एक दशांशाचं प्रमाण जुळवावं आणि आठवडाभर तसंच बघावं. मग एखाद्या रात्री अर्धा तास टीव्ही बघून झाल्यावर मागचा दिवा अचानक बंद करावा. पडदा त्याच क्षणी डोळ्यांवर आल्यासारखा वाटला, तर दिवा आपलं काम करत होता. आणि सगळं जुळवूनही पंधरा दिवसांनी कपाळ ठणकतच असेल, तर आईने आणि बाबांनी नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन डोळे तपासून घ्यावेत.